खिशातल्या स्पेक्ट्रोस्कोपचे लोलक सुटले, परत जोडले तर सगळं काळं

मंजिरी_महाल
एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून मी पितळेचा एक छोटा हातातला स्पेक्ट्रोस्कोप घेतला. लांबी जेमतेम टाचणीच्या डबीएवढी, एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भोक. नळी वाकडी नाही, सरळ. ज्या दिव्याकडे रोखली त्याचेच रंग समोर दिसतात. मी ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, आमच्याकडचा मोठा स्पेक्ट्रोमीटर मी रोज लावून देते. त्यात दुर्बीण कोनात फिरवल्याशिवाय वर्णपट सापडतच नाही. म्हणून ह्या सरळ नळीचं मला फार अप्रूप.

विकत घेतला तेव्हा दिसायचं, पण धूसर. आत तीन लोलक एकमेकांना चिकटवलेले होते आणि जोडात पिवळट पानासारखी नक्षी पसरली होती. महालातल्या आमच्या घरी माडीवर मे महिन्यात काय तापतं ते नागपूरकरांना सांगायला नको. एक दिवस नळी हलवली तर आत खुळखुळ वाजलं. एक लोलक आपोआप सुटला होता. बाकीचे दोन कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून, पाणी हळूहळू तापवत सोडवले. ॲसिटोननं पुसून लख्ख केले. मधला लोलक मोठ्या कोनाचा आणि हातात चांगलाच जड, बाजूचे दोन हलके. कोनमापकानं मधला साधारण १०० अंश, बाजूचे प्रत्येकी ६४ च्या आसपास भरले.

मग होते तसेच एकमेकांना टेकवून नळीत बसवले. काहीच दिसत नाही. अंधार. नळीबाहेर काढून पाहिलं तर जोडाची बाजू चांदीसारखी चमकते.

दोन प्रश्न. एक, माझं काय चुकलं? दोन, जो मला आधीपासून छळतोय: रंग वेगळे होतात ते किरण वाकतो म्हणून. मग किरण सरळ जाऊनही रंग कसे वेगळे होतात?

सुहास_गोकुळपेठ
ताई, एवढा खटाटोप कशाला. जुनी डीव्हीडी घ्या, तिचा चकचकीत थर सोलून काढा, पुठ्ठ्याच्या नळीला ४५ अंशात लावा, दुसऱ्या टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांची फट. माझ्या मुलानं रामन सायन्स सेंटरमध्ये बघून घरी केला होता. झकास रंग येतात.

मंजिरी_महाल
सुहासदादा, तो प्रयोग मी दरवर्षी मुलांकडून करून घेते. मला *हीच* नळी परत चालती करायची आहे.

अभियंता_७९
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लोलक किरणाला किती वाकवतो ते (n−१) गुणिले कोन, n म्हणजे काचेचा अपवर्तनांक. साध्या क्राउन काचेचा n १.५१७, फ्लिंटचा १.६२. म्हणजे क्राउनचा कोन फ्लिंटच्या १.२ पट ठेवला आणि दोघांना उलटसुलट लावलं की वाकणं बरोबर कटतं. पण रंग फाकवण्यात फ्लिंट क्राउनच्या पुढे आहे, म्हणून रंग उरतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. मधला फ्लिंट १०० अंशांचा, तर बाजूचे दोन्ही क्राउन मिळून १२० हवेत, म्हणजे प्रत्येकी ६०. तुमचे ६४ आहेत. आठ अंशांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. कुणीतरी कधीतरी बाजूचे लोलक बदललेले आहेत, म्हणून किरण नळीच्या भिंतीवर जाऊन आदळतो. मूळचे लोलक मिळाल्याशिवाय हे चालायचं नाही.

मंजिरी_महाल
पण घेतला तेव्हा दिसत होतं हो! धूसर होतं, पण सरळ समोर दिसत होतं.

वऱ्हाडी_पावणा
अंधार दिसून राहिला म्हणजे नळीचं झाकण काढायचं राहून गेलं असंन 😄 माह्या दुर्बिणीचं एकदा असंच झालं होतं, अर्धा तास चंद्र धुंडून राहिलो होतो.

मंजिरी_महाल
झाकण नाहीच आहे भाऊ, फट आहे फक्त. तीही उघडी आहे, तपासली 🙂

काचकाम
मंजिरी, तू लोलक कोरडेच टेकवलेस का? मध्ये काही न लावता?

तसं असेल तर तुझे लोलकही बरोबर आहेत आणि बसवलेही बरोबर आहेस. घरात ग्लिसरीन असेल तर एकेक थेंब दोन्ही जोडांत टाक, दाबून हवा घालव, आणि परत बघ. ग्लिसरीन नसेल तर पाणी टाक. का ते मग सांगतो, आधी बघ.

मंजिरी_महाल
काका!!!

पाण्याचाच थेंब टाकला. थेंब जोडात पसरत गेला तशी चांदी पुसत गेली, अक्षरशः डोळ्यांदेखत, एका कडेकडून दुसरीकडे. आणि मागून खिडकीचा उजेड आरपार आला. पलीकडचे गज दिसले, कडेला तांबडी-निळी किनार घेऊन. नळीत सरकवून ट्यूबलाइटकडे धरलं तर रंगांचा पट्टा, त्यात हिरवी रेघ. थोडी तिरकी आहे, पण आहे.

आता सांगा का ते. मला रात्री झोप लागणार नाही.

काचकाम
सांगतो. तीस वर्षं भिंगं आणि लोलक घासण्यात गेली, ह्या तिघांची जोडी मी बरीच जोडली आहे.

तुझ्या नळीत किरण मधल्या फ्लिंटमधून अगदी आडवा जातो, पायाला समांतर. मधला कोन १०० अंश, म्हणजे जोडाच्या लंबाशी तो किरण ५० अंश करतो. आता एक पाऊल मागे ये, क्राउनमध्ये. १.६२ गुणिले साइन ५०° म्हणजे १.२४१. त्याला क्राउनच्या १.५१७ नं भागलं की ०.८१८, म्हणजे ५४.९ अंश. किरण क्राउनमधून जोडावर ५४.९ अंशांनी येतो.

क्राउन काचेतून हवेत बाहेर पडायचं तर ४१ अंशांच्या आत यावं लागतं. त्यापुढे काच आरसा होते, पूर्ण आंतरिक परावर्तन. तू लोलक कितीही घट्ट टेकव, मध्ये हवेचा पापुद्रा राहतोच. तो पापुद्राच तुझी चांदी. म्हणून ह्या लोलकांना चिकटवणं म्हणजे नुसतं धरून ठेवणं नाही, तो डिंक उजेडाच्या वाटेचाच भाग आहे. पाण्याचा n १.३३. तो १.२४१ पेक्षा जास्त आहे, म्हणून पाण्यातून किरण निसटतो, जरा जास्त तिरपा होऊन आणि थोडा उजेड परावर्तनात गमावून. ग्लिसरीन १.४७, त्यात नुकसान कमी. मूळचा डिंक कॅनडा बालसम, १.५३ च्या आसपास, क्राउन आणि फ्लिंटच्या मधला, म्हणून जोड दिसतही नाही.

आता अभियंतासाहेबांचा मुद्दा. सूत्र खरं आहे, पण बारीक कोनांसाठी. पाच-दहा अंशांच्या पाचरीला ते चालतं. इथे कोन एवढे उभे आहेत की प्रत्येक पृष्ठावर साइनच लावावा लागतो. क्राउनमधला किरण आडव्यापासून ४.९ अंश चढतो. पुढच्या काचेवर आडवा येणारा किरण नेमका ४.९ अंश चढवायचा तर ते पृष्ठ उभ्यापासून १४.२ अंश कललेलं हवं. ५० आणि १४.२ मिळून ६४.२. मंजिरीनं कंपासपेटीतल्या कोनमापकानं ६४ मोजलं. कुणी काही बदललेलं नाही.

अभियंता_७९
काका, रात्री वहीत मांडून पाहिलं. ६४.२ च येतं. माझा निष्कर्ष मागे घेतो. पण मग बारीक कोनांचेच लोलक का वापरत नाहीत? सूत्रही सोपं, आणि कोरडे ठेवले तरी उजेड आत कोंडायचा नाही.

काचकाम
रंग किती मिळतात ते काढून बघा. फ्लिंट १० अंश, क्राउन १२ अंश धरा.

अभियंता_७९
काढलं. दोघेही ६.२ अंश वाकवतात, उलट दिशांनी, म्हणून वाकणं शून्य. तांबड्या C पासून निळ्या F पर्यंत फ्लिंट ०.१७ अंश फाकवतो, क्राउन ०.१० अंश मागे ओढतो. उरले ०.०७ अंश, म्हणजे चार-साडेचार कला. उघड्या डोळ्याला एक कला जेमतेम कळते, त्यात रेघा काय दिसणार. पांढऱ्या पट्ट्याला रंगीत किनार, एवढंच.

मंजिरीताईंच्या कोनांनी सगळी पृष्ठं एकामागून एक मोजली तर C ते F जवळजवळ १.२ अंश येतात. सोळापट. आज पहिल्यांदा कळलं की ते कोन एवढे उभे का असतात.

काचकाम
बरोबर. आणि कोन उभे झाले की चिकटवणं आलंच, ते टळत नाही. जास्त पसारा हवा तर आणखी जड फ्लिंट, नाहीतर तीनाऐवजी पाच लोलक. पण जितके जोड जास्त तितका उजेड खातात, आणि एक जोड बिघडला की सगळंच बिघडलं. माझ्या मते खिशातल्या नळीला तीन बस झाले.

मंजिरी, तुझा दुसरा प्रश्न ह्यातच सुटला. वाकण्याचा हिशेब फिटतो, रंगांची बाकी राहते. आणि फिटतो तोही एकाच रंगापुरता. बनवणारा बहुधा पिवळ्याच्या आसपासचा किरण धरतो. तेवढाच सरळ जातो, तांबडा त्याच्या एका अंगाला, निळा दुसऱ्या अंगाला.

नीलिमा_धंतोली
मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या मुलीला तिरळेपणासाठी चष्म्यात प्रिझम दिलं आहे. ती म्हणते ट्यूबलाइटच्या कडेला निळी-तांबडी किनार दिसते. म्हणजे तिच्या चष्म्यातही दोन काचा चिकटवलेल्या असतात का? आणि एक सुटली असेल का?

काचकाम
नाही ताई, तिथे एकच भिंग असतं, पाचरीसारखं घासलेलं. आणि तिथे वाकवणंच हवं असतं. रंग हा नको असलेला पाहुणा. किनार किती दिसेल ते भिंग कशाचं आहे त्यावर. पॉलिकार्बोनेट रंग फार फाकवतं, ह्या फ्लिंटपेक्षाही जास्त. साधं जुनं प्लास्टिक त्याच्या निम्मंच. पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही म्हणून लहान मुलांना देतात, तेव्हा स्वतःहून बदलू नका. किनारीचा त्रास होतो एवढं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

नीलिमा_धंतोली
पावतीवर पॉलिकार्बोनेटच लिहिलं आहे. विचारते. आभारी आहे, भाऊ.

कोकण्या_बर्डीत
विषय निघालाच आहे तर: आमच्या विजयदुर्गावर असाच स्पेक्ट्रोस्कोप लावून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनं १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला. आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. कोकणातला माणूस नागपुरात आला तरी हे सांगितल्याशिवाय राहत नाही!

भौतिकवेडी
ओटे मीही पाहिले आहेत. पण लॉकयर १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला भारतात नव्हता. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता, आणि सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेघा ग्रहण संपल्यावरही बघता येतात हे त्यानं दाखवलं. लॉकयरनं त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच पाहिल्या. तो भारतात आला डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि तोही केरळात बेकलला.

कोकण्या_बर्डीत
मग ते ओटे कुणी बांधले? गावातली म्हातारी माणसं उगाच सांगत नाहीत.

भौतिकवेडी
ओटे कुणीच नाकारत नाही, ते आहेतच. मी फक्त लॉकयर कुठे होता ते सांगितलं. ह्याला वेगळा धागा काढू या, इथे मंजिरीताईंची रेघ अजून तिरकी आहे.

मंजिरी_महाल
हो ना! ती तिरकी रेघ. आणि आता दुसरंच काहीतरी: फट अगदी बारीक केली की पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनं, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, काळ्या रेघा येतात. सरळ, पट्टीनं ओढल्यासारख्या. ह्या सूर्याच्या वर्णपटातल्या फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा का? मी ट्यूबलाइटकडे बघत होते, सूर्याकडे नाही.

भौतिकवेडी
नाही. खऱ्या रेघा रंगांना आडव्या छेदतात, कारण प्रत्येक रेघ म्हणजे फटीचंच चित्र. लांबीच्या दिशेनं धावणारी काळी रेघ म्हणजे फटीच्या ओठांत अडकलेला धुळीचा कण. तो त्या उंचीवर सगळेच रंग अडवतो. फट थोडी उघडा, मऊ लाकडाची काडी टोकदार करून फटीतून एकदा ओढा. धातूची सुई घालू नका, ओठांना खाच पडली तर ती रेघ कायमची. फट उघडली की ह्या रेघा जातात, खऱ्या रेघा फक्त जाड आणि पुसट होतात. ओळखायची खूण हीच.

मंजिरी_महाल
आगपेटीतली काडी तासून फिरवली. चारपैकी तीन गेल्या!

काचकाम
तिरकी रेघ म्हणजे लोलकांच्या कडा आणि फट एकमेकींना समांतर नाहीत. आधी नळीतला लोलकांचा गठ्ठा अलगद फिरवून बघ. त्यानं सरळ झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली, तर तीन लोलक आपसांतच पिळले गेलेत, किंवा एखाद्या जोडात थर एका बाजूला जाड आहे. जाड-पातळ थर म्हणजे आणखी एक लोलकच, तुला नको असलेला.

जोडताना सपाट काच घे, खिडकीची चालेल. तिघांच्या घासलेल्या त्रिकोणी बाजू त्या काचेवर टेकव, म्हणजे तिन्ही कडा आपोआप समांतर होतात. मग दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखं दाब, जादा द्रव बाहेर येऊ दे.

सरळपणा तपासायला गॅसच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धर. पिवळी रेघ एकटीच दिसते. ती उभी हवी, आणि नळी ज्योतीकडे सरळ रोखलेली असताना समोर मध्यभागी हवी. एका टोकाला सरकली असेल तर एखादा लोलक नीट बसलेला नाही.

इतवारी_सराफ
मी दुकानात हीच नळी रोज वापरतो, म्हणून दोन शब्द. माणिकाला लाल टोकाशी क्रोमियमची रेघ येते, पार शेवटी. लोलकाच्या नळीत तांबडं टोक आखडलेलं असतं आणि निळं-जांभळं ऐसपैस पसरलेलं, त्यामुळे माणिकाची रेघ शोधायला डोळा बसावा लागतो. डीव्हीडीसारख्या जाळीच्या नळीत रंग सारख्या अंतरावर येतात, तिथे लाल सोपं जातं. पण जाळी उजेड चार ठिकाणी वाटून टाकते, लोलकात सगळा उजेड एकाच पट्ट्यात येतो. गडद खडा असला की मला लोलकच लागतो. सुहासभाऊंची डीव्हीडी वाईट नाही, तिचं काम वेगळं.

मंजिरीताई, निळ्या टोकाला फट जरा मोठी करा, लाल टोकाला बारीक. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

मंजिरी_महाल
इतवारीत आले की दुकानात डोकावेन, माणिकाची रेघ दाखवा मला.

आता कायमचं कशानं चिकटवू? ग्लिसरीन चार दिवसांत कडेनं झिरपून भिंगावर आलं.

काचकाम
बालसमच. दोनशे वर्षं चाललंय. पुढच्या माणसाला ते सोडवता येतं, जसं तू सोडवलंस. घासणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हेच मोठं.

भौतिकवेडी
काका, आदरानं असहमत. तेच बालसम मंजिरीताईंच्या माडीवर सुटलं ना? नागपूरचा मे आहे हा. अतिनील उजेडानं घट्ट होणारा काचेचा डिंक मिळतो, तो उन्हाळ्यात नरमत नाही. फक्त दिवा क्राउनच्या बाजूनं मारायचा, फ्लिंटकडून नको. जड फ्लिंट अतिनील बरंच खातं आणि आतला डिंक ओला राहतो.

काचकाम
घट्ट डिंकात चूक झाली की ती कायमची. आणि क्राउन-फ्लिंट तापल्यावर सारखे फुगत नाहीत. बालसम तेवढं सोसून घेतं. ती नळी माडीवर ठेवूच नये.

भौतिकवेडी
लोलक दोन सेंटिमीटरचे आहेत, फुगण्यातला फरक तेवढ्याशा तुकड्यात नगण्य. माझे दोन जोड तीन उन्हाळे टिकलेत.

काचकाम
तीन उन्हाळे म्हणजे काहीच नाही, बाई. तीसाव्या उन्हाळ्यानंतर बोलू.

वऱ्हाडी_पावणा
काका, तीसावा उन्हाळा पाह्याले आम्ही सगळेच येऊ, कुलर घेऊन 😄

मंजिरी_महाल
दोघांचंही वाचलं, ठरत नाहीये. तोवर परत ग्लिसरीन घातलंय आणि कडेला नेलपॉलिशची रेघ फिरवलीय, झिरपणं थांबलं. गठ्ठा खिडकीच्या काचेवर टेकवून जोडला, पिवळी रेघ आता उभी येते, बरोबर मध्यावर.

आज सकाळी गच्चीवर गेले. सूर्याकडे पाठ करून उत्तरेच्या निळ्या आकाशाकडे नळी रोखली आणि फट मिटत आणली. पिवळ्यात एक काळी रेघ, हिरव्यात दोन-तीन जवळजवळ, निळ्याच्या सुरुवातीला एक ठळक. आडव्या, धुळीच्या नाहीत. फट उघडली-मिटली, तिथेच राहिल्या. आईला बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, आकाशात रेघा कुणी मारल्या?

भौतिकवेडी
पिवळ्यातली D, हिरव्यातल्या जवळजवळच्या E आणि b, निळ्यातली ठळक F. आता ह्याच नळीनं पाऊस यायच्या आदल्या दिवसांत D च्या तांबड्या अंगाला बघत राहा. हवेतली वाफ वाढली की तिथे पुसट पट्टा गडद होत जातो. स्कॉटलंडचा खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ, त्यानं एकोणिसाव्या शतकात अशाच खिशातल्या नळीनं पावसाचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला होता. अंदाज किती जमेल ते सांगत नाही, पण नागपूरच्या कोरड्या मेमधून जूनमध्ये जाताना फरक दिसायला हवा. सूर्य क्षितिजाजवळ असताना हवेमुळेही तो पट्टा गडद होतो, म्हणून रोज एकाच वेळी आणि आकाशाच्या एकाच उंचीवर बघा.

मंजिरी_महाल
उद्यापासून रोज सकाळी आठ वाजता, उत्तरेला, पाण्याच्या टाकीच्या जरा वर. वही घातली आहे.

अभियंता_७९
मोजमापाचा रकाना मी आखून देतो. आणि ह्या वेळी साइन लावून.